करबलेची तहान, आझमियाचा रोजा: मोहरमचे अकरा दिवस

निघण्याआधी

मोहरमच्या प्रवासात तिकीट चुकत नाही, तारीख चुकते. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे इराकमधल्या करबला शहरात कुणी ‘दहावी रात्र’ म्हणाला तर ती आपल्या हिशोबाने नवव्या दिवसाची संध्याकाळ असते. आशुरा म्हणजे मोहरमचा दहावा दिवस. त्याची रात्र पाहायची म्हणून दहाव्या दिवशी संध्याकाळी पोहोचणाऱ्याला रिकामे होत चाललेले रस्ते दिसतात.

दुसरा घोळ चंद्राचा. 2025 साली सौदी अरेबियात मोहरमचा पहिला दिवस 26 जूनला धरला गेला आणि इराकमधल्या शियांचा 27 जूनला. म्हणजे मक्केत आशुरा 5 जुलैला आणि करबलेत 6 जुलैला. फोनमधली हिजरी दिनदर्शिका बहुधा सौदी गणित दाखवते. करबलेसाठी नजफमधल्या आयतुल्ला सिस्तानींच्या कार्यालयाची चंद्रदर्शनाची घोषणा पाहायची, आणि ती आदल्या संध्याकाळीच होत असल्याने दोन्ही टोकांना एकेक दिवस मोकळा ठेवायचा. पुढच्या नोंदींत 2025 च्याच तारखा धरल्या आहेत. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचे असते, म्हणून हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

26 जून, संध्याकाळ: झेंडा उतरतो

पैगंबरांचे नातू इमाम हुसेन 680 मध्ये करबलेच्या लढाईत मारले गेले. त्यांच्या दर्ग्याच्या सोन्याच्या घुमटावर वर्षभर लाल झेंडा असतो. अरबांच्या जुन्या रीतीत लाल झेंड्याचा अर्थ असा, की या रक्ताचा सूड अजून घेतला गेलेला नाही. मोहरमच्या पहिल्या रात्री तो उतरवतात आणि काळा चढवतात. शेजारच्या हजरत अब्बास यांच्या दर्ग्यावरही तसेच. यानंतर शहरात नव्या वर्षाच्या शुभेच्छा कुणी देत नाही. इस्लामी वर्षाचा पहिला दिवस असला तरी नाहीच. त्याऐवजी लोक एकमेकांना ‘अज़्ज़मल्लाहु उजूरकुम’ म्हणतात. अर्थ साधारण असा, की तुमच्या या दुःखाचे पुण्य अल्लाह वाढवो. घरात मयत झाली असता सांत्वनाला हेच शब्द वापरतात. पाहुण्यानेही तेवढेच म्हणावे.

पहिला दिवस, 27 जून: नकाशा

आजचा दिवस फक्त जागा समजून घ्यायला द्यावा, कारण पुढच्या नऊ दिवसांत गर्दी इतकी वाढते की दिशा कळत नाही. मध्यभागी दोन दर्गे आहेत, हुसेन यांचा आणि त्यांचे सावत्र भाऊ अब्बास यांचा. मधल्या मोकळ्या जागेला ‘बैनल हरमैन’ म्हणतात, म्हणजे दोन पवित्र स्थानांमधली जागा. लांबी पावणेचारशे मीटरच्या आसपास. भाऊ एकाच लढाईत पडले तरी कबरी वेगळ्या का? कारण अब्बास पाणी आणायला गेले होते आणि तळापासून दूर, पाण्याच्या वाटेवर मारले गेले. ते जिथे पडले तिथेच त्यांची कबर झाली. या दोन घुमटांमधले अंतर म्हणजे तंबू आणि पाणी यांच्यामधली वाट. हे एवढे ध्यानात आले की करबलेची अर्धी गोष्ट कळली.

हुसेन यांच्या कबरीभोवतीच्या जाळीला, म्हणजे झरीहला, सहा कोपरे आहेत. थोरला मुलगा अली अकबर वडिलांच्या पायाशी पुरलेला आहे, त्याच्यासाठी जाळी तिथे पुढे काढली आहे. दर्ग्यालगतच ‘तल्ल ज़ैनबिया’ आहे. तल्ल म्हणजे टेकाड. बहीण झैनब यांनी इथून लढाई पाहिली असे मानतात. आता टेकाड उरलेले नाही, पायऱ्या चढून जायची एक इमारत आहे. थोड्या अंतरावर ‘मुखय्यम’, तंबूंची जागा.

भारतात मोहरम म्हटले की ताबूत डोळ्यांपुढे येतो. करबलेत ताबूत नाही. ताबूत ही या कबरीची प्रतिकृती, आणि इथे कबरच समोर आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. दर्ग्याच्या प्रत्येक दाराशी चपला ठेवायची खिडकी असते, तिला ‘किशवानिया’ म्हणतात. तिथे क्रमांकाचा बिल्ला मिळतो. मोठ्या पिशव्या आणि कॅमेरे ‘अमानात’मध्ये ठेवावे लागतात. गर्दी आपल्याला एका दाराने आत घेते आणि दुसऱ्याच दाराने बाहेर सोडते. मग जूनच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून अनवाणी अर्धा वळसा घालायचा. चपला एका साध्या कापडी पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवणे सगळ्यात बरे. बायकांना पूर्ण अबाया लागतो, नुसती ओढणी चालत नाही.

दुसरा दिवस, 28 जून: हुसेन इथे पोहोचले तो दिवस

आता हे दहा दिवस कुठून आले ते. इसवी सन 680 मध्ये, हिजरी 60 च्या रजब महिन्यात, दमास्कसमध्ये खलिफा मुआविया वारले आणि मुलगा यझीद गादीवर आला. बापाने मुलाला वारस नेमून खिलाफत देण्याची ही पहिलीच वेळ. मदिनेच्या सुभेदाराने पैगंबरांचे नातू हुसेन यांच्याकडे यझीदच्या बैअतची, म्हणजे निष्ठेच्या शपथेची, मागणी केली. हुसेन यांनी ती दिली नाही आणि रात्रीच कुटुंबासह मक्केला निघाले. तिथे चार महिने राहिले. त्या काळात इराकमधल्या कूफा शहरातून पत्रांवर पत्रे आली: या, आमचे नेतृत्व करा. हुसेन यांनी आधी चुलतभाऊ मुस्लिम इब्न अकील यांना पाठवले. त्यांचा अनुकूल निरोप आल्यावर ऐन हजच्या तोंडावर, झिलहिज्जच्या आठव्या दिवशी, ते मक्केहून निघाले. बायकामुले सोबत होती. सत्ता बळकवायला निघालेला माणूस तान्ह्या बाळाला घेऊन निघत नाही, हा मुद्दा मजलिसमध्ये, म्हणजे शोकसभेत, पुन्हा पुन्हा ऐकू येतो, आणि तो वजनाचा आहे.

वाटेत, कूफ्याच्या अलीकडे, हुर नावाच्या सरदाराच्या हजार घोडेस्वारांनी त्यांना अडवले. पुढे जाऊ देईना, मागे वळू देईना. हुसेन यांनी त्या तहानलेल्या स्वारांना आणि घोड्यांना आपल्याकडचे पाणी पाजले. हा प्रसंग लक्षात ठेवावा, सातव्या दिवशी त्याची गरज लागेल. मोहरमच्या दुसऱ्या दिवशी काफिला करबलेत थांबवण्यात आला. जागा मुद्दाम उघडी, तटबंदी नसलेली निवडलेली. त्यांच्या बाजूला लढणारे माणूस परंपरेने 72 धरले जातात, 32 स्वार आणि 40 पायदळ.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी उमर इब्न सअद चार हजारांची फौज घेऊन आला. त्याला रय प्रांताची सुभेदारी कबूल केलेली होती आणि अट एवढीच होती, की आधी हुसेनचा निकाल लाव. तो काही दिवस घुटमळला, बोलणी करत राहिला. मजलिसमधले वक्ते या माणसावर बराच वेळ देतात, ते योग्यच आहे. यझीद करबलेत नव्हता. करबला घडवली ती बढतीची वाट पाहणाऱ्या माणसांनी.

मजलिसची घडण ठरलेली असते, ती माहीत असली म्हणजे भाषा न कळताही ऐकता येते. वक्ता उंच पायऱ्यांच्या मिंबरवर बसतो. सुरुवात कुराणातल्या आयतीने किंवा शोककवितेच्या काही ओळींनी. मग अर्धा-पाऊण तास व्याख्यान: धर्म, नीती, चालू काळ. नंतर एखाद्या वाक्यावर वळण घेऊन तो करबलेवर येतो. या वळणाला ‘गुरेज़’ म्हणतात आणि चांगला वक्ता तिथेच ओळखू येतो. शेवटची दहा-पंधरा मिनिटे त्या दिवसाच्या हुतात्म्याची. दिवे मंद होतात, लोक मोकळेपणाने रडतात. मग उभे राहून लतम, म्हणजे छातीवर तळहात मारत शोक. ताल ‘रादूद’ धरतो, म्हणजे शोकगीत म्हणणारा. पाहुण्याने छाती पिटायची गरज नाही. मागे भिंतीला उभे राहून उजवा हात छातीवर ठेवला की पुरते. मधूनच उठून बाहेर जायचे असेल तर व्याख्यानात जावे, शेवटच्या पंधरा मिनिटांत नाही.

पाचवा दिवस, 1 जुलै: कूफा

इराकमध्ये पाचवा दिवस मुस्लिम इब्न अकील यांचा मानतात. इराण आणि भारतात त्यांची आठवण पहिल्याच दिवशी काढतात. कोणता दिवस कोणाचा, ही वाटणी परंपरेची आहे. सगळे हुतात्मे प्रत्यक्षात दहाव्याच दिवशी पडले, आणि मुस्लिम इब्न अकील तर त्याआधी महिनाभर. त्यामुळे एका देशातले वेळापत्रक दुसऱ्या देशात घेऊन फिरणारा प्रत्येक वेळी चुकीच्या मिरवणुकीत उभा राहतो.

करबलेहून नजफ दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटर, आणि कूफा नजफला लागूनच. पहाटे निघून दुपारच्या आत परतावे, जुलैत इथे पारा 45 अंशांच्या वर सहज जातो. कूफ्याच्या जुन्या मशिदीतच 661 मध्ये हुसेन यांचे वडील अली यांच्यावर नमाज पढताना तलवारीचा वार झाला. मशिदीला लागून मुस्लिम यांची कबर आहे आणि समोर हानी इब्न उर्वा यांची. मुस्लिम यांना हानी यांनी घरात आसरा दिला होता.

शिया शोक नेमका कशाचा, याचे उत्तर करबलेइतकेच इथे आहे. मुस्लिम आले तेव्हा कूफ्यातल्या हजारो लोकांनी त्यांच्या हातावर हुसेन यांच्या नावाने शपथ घेतली. जुन्या इतिहासांत बारा हजार आणि अठरा हजार असे दोन आकडे येतात. मग यझीदने उबैदुल्लाह इब्न झियादला सुभेदार करून पाठवले. त्याने टोळ्यांच्या मुखियांना धरले, काहींना पैसे, काहींना धमक्या. घराघरांतून आया-बायका आपल्या मुलांना ओढून नेऊ लागल्या. संध्याकाळच्या नमाजाला मुस्लिम यांच्या मागे थोडी माणसे उरली होती, नमाज संपवून वळून पाहिले तर रस्ता दाखवायलाही कुणी नव्हते. तौआ नावाच्या एका बाईने त्यांना पाणी दिले आणि घरात घेतले. तिच्याच मुलाने बातमी फोडली. झिलहिज्जच्या नवव्या दिवशी त्यांना मारले गेले. हुसेन आदल्याच दिवशी मक्केहून निघाले होते. परत फिरा, हा निरोप त्यांना वेळेत मिळणे शक्यच नव्हते.

चार वर्षांनी याच कूफ्यातल्या काही जणांनी, ज्यांनी पत्रे लिहिली आणि मग घरात बसून राहिले, स्वतःला ‘तव्वाबून’ म्हणवून घेतले. म्हणजे पश्चात्ताप करणारे. त्यांचा नेता सुलेमान इब्न सुरद, पत्र लिहिणाऱ्यांपैकीच एक. ते हुसेन यांच्या कबरीवर जाऊन धाय मोकलून रडले आणि मग यझीदच्या घराण्याच्या, म्हणजे उमय्यांच्या, फौजेवर चालून गेले. बहुतेक सगळे मेले. करबलेत जमून सार्वजनिक शोक करण्याची ही अगदी सुरुवातीची नोंद आहे.

म्हणून शियांना मारला जाणारा ‘स्वतःच मारले आणि आता रडतात’ हा टोमणा जितका जुना तितकाच उथळ आहे. कूफ्यातले सगळे त्या अर्थाने शिया नव्हतेच, आणि मारणारी फौज सुभेदाराची होती. पण न जाण्याची बोच या शोकात मुरलेली आहे हे खरे. ‘लब्बैक या हुसेन’, म्हणजे हुसेन, मी हजर आहे, ही घोषणा कूफ्याने त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

सहावा दिवस

कूफ्याच्या उन्हानंतर विश्रांती. संध्याकाळी मिरवणुका पाहायला बैनल हरमैनच्या कडेला बसावे. ज़ंजील, म्हणजे मुठीला बांधलेल्या लहान साखळ्या, खांद्यांवरून पाठीवर ढोलाच्या तालात मारत जाणारे जथे आजपासून वाढतात. बहुतेकांच्या साखळ्या बोथट असतात. आवाज मोठा, जखम नाही.

सातवा दिवस, 3 जुलै: पाणी

सातव्या दिवशी इब्न झियादचा हुकूम आला, की हुसेन आणि पाणी यांच्यामध्ये उभे राहा. पाचशे स्वार फुरात नदीच्या पाण्याच्या वाटेवर बसले. ज्या माणसाने हुरच्या हजार स्वारांना पाणी पाजले होते, त्याच्या तंबूतल्या मुलांना आता पाणी नाही. शिया स्मृतीचा सगळा भार या उलटापालटीवर आहे. इराकमध्ये हा दिवस अब्बास यांचा. पाण्याची कातडी पखाल भरून परतताना त्यांचे दोन्ही हात तोडले गेले, पखालीला बाण लागला आणि पाणी सांडले, अशी कथा आहे. हात तोडले त्या दोन जागा आजही शहरात गल्लीच्या कडेला जाळीत दाखवतात. अब्बास यांना ‘सक्का’, पाणी देणारा, म्हणतात.

या शहरात मोहरमात पाणी फुकट मिळते ते याच नावाने. दर पन्नास पावलांवर ‘मौकिब’ असतात. टोळी, मोहल्ला किंवा कुटुंब चालवते तो सेवेचा मांडव म्हणजे मौकिब. थंड पाणी, छोट्या काचेच्या पेल्यात गोड काळा चहा आणि जेवण. जेवणातली ओळखीची गोष्ट ‘कीमा’. नाव आपल्या खिम्यासारखे असले तरी वस्तू वेगळी. मांस आणि भिजवलेले छोले मोठ्या कढईत तासन्‌तास शिजवतात आणि लाकडी दांड्याने घोटून एकजीव करतात. वाळवलेल्या लिंबाची, नूमी बसराची, आंबट-कडसर चव त्यात असते. भातावर वाढतात. पैसे देऊ केले तर ते नाकारतात आणि वाईटही वाटते. ‘रहिमल्लाह वालिदैक’, तुझ्या आईवडिलांवर कृपा होवो, एवढे म्हणावे. उघड्यावरचा बर्फ टाळून बंद पेल्यातले पाणी घ्यावे. पोट बिघडते ते बहुधा बर्फाने. तीन तास मिरवणुकीत उभे राहणाऱ्याने पाण्यासोबत मीठही घ्यावे. नुसते पाणी पिऊन चक्कर आलेले लोक वैद्यकीय तंबूंत रोज दिसतात.

आठवा दिवस

आजचा दिवस कासिमचा, हुसेन यांच्या मोठ्या भावाच्या किशोरवयीन मुलाचा. ताटांत मेणबत्त्या, मेंदी आणि मेंदीसारखीच दिसणाऱ्या ‘यास’च्या हिरव्या डहाळ्या लावून मिरवतात. जणू त्याच्या न झालेल्या लग्नाची वरात. करबलेत कासिमचे लग्न लागले ही कथा पुष्कळ शिया विद्वान इतिहास म्हणून मानत नाहीत, आणि तसे मिंबरवरूनही सांगतात. ताटे मात्र थांबत नाहीत.

नववा दिवस, 5 जुलै: तासूआ

आज गाडी विसरावी. शहराच्या वेशीबाहेरच वाहने थांबवतात आणि तिथून चालत यावे लागते. मुक्काम दर्ग्याजवळ नसेल तर सामान आज हलवू नये. मोबाइलचे जाळे दुपारपासून कोलमडते, म्हणून सोबत्यांनी भेटीची जागा आणि वेळ सकाळीच ठरवावी. जागा म्हणून दार सांगू नये, दारे बंद होतात. एखाद्या मौकिबचे नाव सांगावे.

नवव्या दिवशी शिम्र नावाचा सरदार इब्न झियादचा नवा हुकूम घेऊन आला: शपथ किंवा लढाई, बोलणी बस. संध्याकाळी फौज पुढे सरकली, तेव्हा हुसेन यांनी प्रार्थनेसाठी एक रात्र मागून घेतली. त्या रात्री त्यांनी दिवे मालवून सोबत्यांना सांगितले, की यांना फक्त मी हवा आहे, अंधाराचा फायदा घ्या आणि निघून जा. कुणी गेले नाही. कूफ्यातली संध्याकाळ आणि ही रात्र शेजारी ठेवून पाहिली, की वक्ते इथे आवाज का खाली आणतात ते कळते.

रात्रभर मौकिबांत हरीसा शिजतो. सोललेला गहू भिजवून मांसासोबत मंद आचेवर ठेवतात आणि पहाटेपर्यंत लाकडी वल्ह्यांनी ढवळत, कुटत राहतात. गव्हाची तार सुटली की झाला. ढवळणे दहा मिनिटे थांबले तरी तळ धरतो आणि करपल्याचा वास सगळ्या कढईला लागतो, म्हणून माणसे पाळीपाळीने उभी असतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातही वल्हे देतात. नाही म्हणू नये.

दहावा दिवस, 6 जुलै: आशुरा

पहाटे पांढरी कफने घातलेले काही जथे ‘ततबीर’ करतात, डोक्यावर तलवारीने छेद घेतात. छायाचित्रांत सगळ्यात जास्त दिसणारी आणि शियांमध्येच सगळ्यात जास्त वादाची हीच प्रथा. इराणचे आयतुल्ला खामेनी यांनी 1994 मध्ये ती निषिद्ध ठरवली, इतर काही धर्मगुरू तिला परवानगी देतात. बहुसंख्य लोक ती करत नाहीत. अनेक जण आज रक्तदान करतात.

सकाळी ‘मकतल’, म्हणजे हुतात्म्यांच्या मृत्यूंची क्रमवार हकिकत, ध्वनिक्षेपकांवर सुरू होते. पहाटे हुर आपली हजारांची फौज सोडून हुसेन यांच्याकडे आला आणि पहिल्या मृतांत गेला. मग एकेक सोबती. दुपारी, लढाई चालू असताना, हुसेन यांनी जुहरची नमाज पढली, तेव्हा दोन सोबती बाण झेलत पुढे उभे राहिले. नंतर घरची माणसे: अली अकबर, कासिम, अब्बास आणि सहा महिन्यांचा अली असगर. शेवटी हुसेन एकटे. तारीख 10 ऑक्टोबर 680. आजारी असल्याने मुलगा झैनुल आबिदीन वाचला. झैनब आणि उरलेल्या बायकामुलांना कैद करून आधी कूफ्याला, मग दमास्कसला नेले.

जुहरच्या नमाजानंतर ‘रक्दत तुवैरीज’ सुरू होते. तुवैरीज हे करबलेच्या पूर्वेचे गाव, सुमारे 20 किलोमीटरवर. तिथले लोक उशीर झाल्यासारखे धावत करबलेत येत, ती रीत एकोणिसाव्या शतकापासून वाढत गेली. आता प्रचंड समुदाय शहराबाहेरच्या कंतरत अस्सलाम पुलापासून धावत येतो, हुसेन यांच्या दर्ग्यात शिरतो, बाहेर पडून बैनल हरमैन ओलांडतो आणि अब्बास यांच्या दर्ग्यात संपतो. धाव म्हणजे मदतीला धावणे, तेराशे वर्षे उशिरा का होईना.

ही आजच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ. 10 सप्टेंबर 2019 च्या आशुराला याच धावेत चेंगराचेंगरी होऊन किमान 31 जण मेले. गर्दी धावताना मारत नाही, अडल्यावर मारते. मागचे धावत असतात आणि पुढचे दारात अरुंद होतात, तिथे दाब साठतो. ओळखायचे कसे? हात कोपरात वाकवून छातीपुढे धरता येईनासे झाले, आणि आपण चालत नसून ढकलले जात आहोत असे वाटले, की धोका सुरू झाला. तेव्हा उलट्या दिशेने जाऊ नये. लाटेसोबत तिरके सरकत कडेला लागावे. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये. मुले, म्हातारे आणि ज्यांना धाव फक्त पाहायची आहे त्यांनी जुहरच्या आधीच एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जागा धरावी. धाव सुरू झाल्यावर रस्ता ओलांडता येत नाही. आज चपला किशवानियात ठेवू नयेत, परत मिळणार नाहीत. सुटणाऱ्या सँडलपेक्षा नाडीचे बूट बरे.

धावेनंतर मुखय्यमजवळ उभारलेले तंबू पेटवतात, कारण त्या दिवशी खरे तंबू लुटून जाळले होते. धूर वाऱ्याच्या दिशेने गल्लीत भरतो, दमेकऱ्यांनी दूर राहावे. सूर्य मावळला की सगळा आवाज एकदम बसतो. या रात्रीला ‘लैलत अल वहशा’ म्हणतात, सुनसान रात्र. लोक जमिनीवर मेणबत्त्या लावून बसतात.

आता जेवणाची एक बारीक गोष्ट. आज सकाळपासून पुष्कळ शिया खात-पीत नाहीत, पण हा रोजा नव्हे. रोज्याचा नियत, म्हणजे संकल्प, करत नाहीत, आणि दुपार कलल्यावर, असरच्या वेळेला, पाण्याचा घोट किंवा साधा घास घेऊन मुद्दाम मोडतात. हुसेन यांचा शेवट असरच्या सुमाराला झाला, तोवर त्यांच्या तहानेत सहभागी व्हायचे, एवढेच. सूर्यास्तापर्यंत पूर्ण रोजा धरणे बहुतेक शिया विद्वान आज अनिष्ट मानतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे उमय्यांनी हा दिवस शुभ म्हणून साजरा केला आणि त्या दिवशी शुक्राचे रोजे धरले. शुक्र म्हणजे आभार. कशाचे आभार, हा त्यांचा प्रश्न.

अकरावा दिवस, 7 जुलै: आझमिया

बगदाद सुमारे 100 किलोमीटर. एरवी दोन तास पुरतात, आज परतणाऱ्या गर्दीत दुप्पट धरावेत. तिग्रिसच्या पूर्व काठावर आझमिया, सुन्नी वस्ती. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा 767 मध्ये वारले, त्यांची मशीद आणि कबर इथे आहे. काल इथे छाती पिटणारे जथे नव्हते, ढोल नव्हते. काही घरांत पहाटेआधी उठून सहरी केली गेली आणि सूर्यास्ताला खजूर-पाण्याने रोजा सोडला गेला. जुलैत तो सोळा तासांच्या आसपास भरतो.

हा रोजा कुठून आला? सुन्नी हदीसप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींप्रमाणे, 622 मध्ये पैगंबर मदिनेला आले, तेव्हा तिथले यहुदी या दिवशी उपास करताना दिसले. विचारल्यावर कळले, की मूसा आणि त्यांच्या लोकांना अल्लाहने या दिवशी इजिप्तचा राजा फिरऔन याच्या हातून सोडवले. पैगंबर म्हणाले, मूसांवर आमचा हक्क तुमच्याहून जास्त, आणि स्वतः रोजा धरला, इतरांना धरायला सांगितला. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांची एक नोंद सांगते, की मक्केतले कुरैशही इस्लामपूर्व काळात या दिवशी उपास करत. हिजरी 2 मध्ये रमजानचे रोजे बंधनकारक झाले आणि आशुरा ऐच्छिक राहिला. तो मागच्या वर्षाची पापे धुतो असे हदीसमध्ये आहे. म्हणजे सुन्नी रोजा करबलेच्या आधीचा, जवळजवळ सहा दशकांनी. तो हुसेन यांच्या मृत्यूबद्दल नाही, आनंदाने नाही आणि दुःखानेही नाही. ‘सुन्नी आशुरा साजरा करतात’ हे वाक्य इथे चुकते.

अकराव्या दिवशी इथे का यायचे? आयुष्याच्या अखेरीस पैगंबर म्हणाले, पुढच्या वर्षी राहिलो तर नववाही धरीन, म्हणजे यहुद्यांच्या प्रथेपासून वेगळेपण राहील. ते राहिले नाहीत. त्यावरून दोन रोजे धरायची पद्धत पडली. नववा-दहावा उत्तम, तो चुकला तर दहावा-अकरावा. हनफी मतात एकटा दहावा किंचित नापसंत. त्यामुळे परवा ज्याला जमले नाही तो आज रोजा धरून असतो. सुन्नी वक्फची चंद्राची घोषणा वेगळी असेल तर त्याचा हिशोबही एका दिवसाने सरकलेला असतो. दुपारी कुणाला चहा विचारण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

मग हुसेन? मशिदीत त्यांचे नाव आदरानेच घेतात. हसन आणि हुसेन जन्नतच्या तरुणांचे सरदार, ही हदीस सुन्नी संग्रहातलीच आहे. त्यांना मारणे घोर पाप होते, याबद्दलही सुन्नी परंपरेत फारसा वाद नाही. वाद शोकाच्या रूपाचा. सुन्नी विद्वान ती हदीस पुढे करतात, जिच्यात मृतासाठी तीन दिवसांहून जास्त सुतक नाही, फक्त विधवेला चार महिने दहा दिवस. छाती पिटणे, कपडे फाडणे याला मनाई. शिया उत्तर देतात, की याकूब मुलगा यूसुफसाठी डोळे जाईपर्यंत रडले हे कुराणातच आहे, आणि पैगंबर स्वतः चुलते हमझा यांच्यासाठी रडले. ही देवाणघेवाण याच शहरात हजार वर्षांची आहे. 963 मध्ये बुवैही सत्ताधीश मुइज़्ज़ुद्दौलाने बगदादचे बाजार आशुराला बंद ठेवायला लावून शोकाला पहिल्यांदा सरकारी रूप दिले. त्यानंतरच्या दशकांत या दिवशी दंगे झाल्याच्या नोंदी आहेत.

या दिवशी नूहची नौका जमिनीला लागली, आदमची तौबा कबूल झाली, अशा कथाही ऐकू येतात. हदीसचे जाणकार यातल्या बहुतेक कमकुवत ठरवतात. कुटुंबावर आज हात सैल सोडावा, या सांगण्याबद्दलही मतभेद आहेत. तरी तुर्कस्तानात नूहच्या नौकेतल्या उरल्यासुरल्या धान्याची आठवण म्हणून ‘आशुरे’ नावाची गोड खीर घरोघरी वाटतात.

सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराला. आझमियात अजान होते, आणि रोजा धरलेला माणूस आधी खजूर तोंडात टाकतो, मग पाणी पितो. पाणी पिताना काही जण ‘बिस्मिल्लाह’च्या पुढे काही म्हणत नाहीत. नदीपलीकडे, पुलाच्या दुसऱ्या टोकाला काज़िमिया या शिया वस्तीत, तेच पाणी पिताना ‘सलाम अलल हुसेन’ म्हणतात.